सिमेंटच्या गोण्यांचा हिशेब : नोंदवही जुळते, तरी स्लॅब कमी भरतो

मंडळी, आज आपण एकच वही उघडणार आहोत. साइटवरच्या स्टोअरकीपरची सिमेंट नोंदवही. तिच्यात रकाने मोजकेच असतात : तारीख, सकाळची शिल्लक, आलेल्या गोण्या, दिलेल्या गोण्या, कोणत्या कामाला दिल्या, संध्याकाळची शिल्लक आणि सही. वही तपासायला येणारा माणूस बहुतेक वेळा शेवटची शिल्लक बघतो, गोदामातल्या थप्प्या मोजतो आणि आकडा जुळला की सही करून निघतो. एवढ्याने काय निसटतं, ते एका उदाहरणाने पाहू. उदाहरण समजावण्यासाठी आम्हीच मांडलंय, पण त्यातलं गणित कुठल्याही साइटवर करून बघता येईल.

समजा, एका घराचा स्लॅब १२ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद आहे, म्हणजे १०८ चौरस मीटर. जाडी १२५ मिलिमीटर. स्लॅबचं काँक्रीट झालं १३.५ घनमीटर. खालच्या बीमचं साडेचार धरलं, की एकूण १८ घनमीटर. मिश्रण एकास दीड आणि तीन, म्हणजे सिमेंट, वाळू, खडी. या प्रमाणात एका घनमीटरला ५० किलोच्या साधारण ८ गोण्या लागतात. म्हणून या स्लॅबला १४४ गोण्या लागायला हव्यात.

आता वही बघा. सकाळची शिल्लक ६०, त्या दिवशी आल्या २००, मिळून २६०. स्लॅबला दिल्या १४४. शिल्लक ११६. गोदामात मोजल्या तर त्याही ११६! सगळं कसं चोख. पण आम्हाला शंका येते ती नेमकी या चोखपणाचीच. प्रत्यक्ष स्लॅबमध्ये थोडं सांडतं, बीम एखाद्या ठिकाणी जाड होतो, दोन-तीन टक्के इकडे-तिकडे होतंच. खर्च हिशेबाबरहुकूम अगदी १४४ लिहिलेला दिसला, तर तो मोजून लिहिला की अंदाजपत्रकातून उतरवला, हे विचारायलाच हवं.

मग आपण मिक्सरपाशी जातो. तिथे एका घाण्याला एक गोणी टाकतात आणि मुकादम प्रत्येक घाण्याला एक रेघ मारतो. रेघा भरल्या १३१. रिकाम्या गोण्या मोजल्या, त्याही १३१. म्हणजे १३ गोण्या गोदामातून निघाल्या, पण मिक्सरपर्यंत पोहोचल्याच नाहीत. वहीतली शिल्लक मात्र जुळते, कारण गोण्या खरोखरच गोदामाबाहेर गेलेल्या आहेत.

नुकसान फक्त १३ गोण्यांच्या पैशांचं नाही. एका गोणीचं काँक्रीट होतं घनमीटरचा आठवा भाग. १३ गोण्यांचं झालं सव्वासोळाशे लिटर. एवढं काँक्रीट कमी असूनही स्लॅब पुरा झाला, तर तो दोनपैकी एका वाटेने झाला. एक तर घाण्यात वाळू-खडी वाढवली, म्हणजे काँक्रीट कमजोर झालं. नाहीतर थर पातळ ओतला. सगळी तूट स्लॅबच्या जाडीत गेली असं धरा : १०८ चौरस मीटरवर ती जवळजवळ १५ मिलिमीटर येते. सव्वाशेचा स्लॅब एकशेदहाचा झाला. हे वरून डोळ्यांना दिसत नाही. काँक्रीट ओलं असतानाच खूण केलेली सळी ठिकठिकाणी खुपसून जाडी बघितली, तरच कळतं.

उलटही होतं बरं का. गोण्या जास्त लागल्या, तर लगेच चोरीचा संशय घेऊ नका. आधी फळ्या खचल्या का ते बघा. फाटक्या किंवा गाठी झालेल्या गोण्या स्लॅबच्या खर्चात घुसवल्या का, तेही बघा. त्यांच्यासाठी वेगळी ओळ हवी. त्याच दिवशी प्लास्टरला दिलेल्या गोण्यांचीही वेगळी.

तेव्हा स्लॅबच्या दिवशी चार आकडे स्वतंत्रपणे घ्यायचे : मापावरून काढलेला, गोदामातून दिलेला, मिक्सरवरच्या रेघांचा आणि रिकाम्या गोण्यांचा. रेघा मारणारा माणूस स्टोअरकीपरच्या हाताखालचा नको. रिकाम्या गोण्या मोजून होईपर्यंत विकायच्या नाहीत. नोंद त्याच संध्याकाळी, शाईने. चुकलं तर आडवी रेघ मारून वर सही, खाडाखोड नाही.

एक मर्यादा सांगून थांबतो. काँक्रीट तयार होऊन गाडीने येत असेल, तर ही वही त्याबद्दल काही सांगू शकत नाही. आणि मिश्रण प्रयोगशाळेत ठरवलेलं असेल, तर घनमीटरला आठ हा आकडा सोडून द्या, त्या कागदावरचा धरा. बाकी रीत हीच.