एक गिऱ्हाईक, ४९,४७३ कोटी

जून २०१७. मुंबईत, एकाच महिन्यात, दोन घोषणा झाल्या. २४ तारखेला महाराष्ट्र सरकारने ३४,०२२ कोटी रुपयांची शेतकरी कर्जमाफी जाहीर केली; लाभार्थी ८९ लाख. त्याच्या दीडेक आठवडा आधी, १३ तारखेला, रिझर्व्ह बँकेने सांगितले होते की देशातल्या बँकांच्या एकूण थकीत कर्जापैकी सुमारे पाव हिस्सा फक्त बारा खात्यांत अडकला आहे आणि ही बारा खाती दिवाळखोरी संहितेखाली न्यायाधिकरणात न्यावीत. त्या बारांपैकी एक एस्सार स्टील. कारखाना तापीच्या मुखाशी, सुरतेजवळच्या हजीऱ्यात. न्यायाधिकरणापुढे बँकांचा आणि इतर वित्तीय धनकोंचा मान्य झालेला दावा ४९,४७३ कोटी.

म्हणजे एका राज्याच्या ८९ लाख शेतकऱ्यांना जेवढे माफ करायचे ठरले, त्याच्या जवळजवळ दीडपट एकट्या गिऱ्हाइकाकडे थकले होते.

एवढा आकडा डोक्यात मावत नाही, म्हणून जरा खेळून पाहू. सेकंदाला एक रुपया या गतीने ४९,४७३ कोटी मोजायला बसलात तर साडेपंधरा हजारांहून अधिक वर्षे लागतील, म्हणजे माणूस शेती करायला शिकला त्याच्याही आधी सुरुवात करावी लागेल. पाचशेच्या नोटा एकावर एक रचल्या, एका नोटेची जाडी मिलिमीटरचा दहावा भाग धरली, तर थप्पी ९९ किलोमीटर उंच होते. अवकाश जिथून सुरू होते असे मानतात ती रेघ शंभरावर आहे. पण मला यांपेक्षा व्याजाचा हिशेब अधिक बोलका वाटतो. वर्षाला दहा टक्के धरा. मिनिटाला ९४ हजार रुपये होतात. कर्जमाफीची सरासरी दरडोई ३८ हजारांच्या आसपास येते. म्हणजे एका शेतकऱ्याची माफी हजीऱ्यात पंचवीस सेकंदांत व्याज म्हणून चढत होती.

त्याच वर्षी मार्चमध्ये स्टेट बँकेच्या तेव्हाच्या अध्यक्षा अरुंधती भट्टाचार्य म्हणाल्या होत्या की शेतीच्या कर्जमाफीने कर्जफेडीची शिस्त बिघडते. बरोबरच आहे. एकदा माफ झाले की पुढच्या वेळीही होईल असे वाटते आणि माणूस हात आखडता घेतो. अर्थशास्त्रात याला ‘मॉरल हॅझर्ड’ म्हणतात. शब्द विम्याच्या धंद्यातून आला: गोदामाचा आगीचा विमा उतरवला की रात्री उठून दिवा विझला का ते बघायचा कंटाळा येतो. प्रश्न एवढाच की हा नियम दोन एकरवाल्यालाच लागू आहे की हजीऱ्यालाही? कारण एस्सार स्टीलच्या धनकोंमध्ये सर्वांत पुढे स्टेट बँकच होती.

हजीऱ्याची गोष्ट २०१७ मध्ये सुरू होत नाही. जुलै १९९९ मध्ये एस्सार स्टीलने परदेशात विकलेल्या २५ कोटी डॉलरच्या रोख्यांची परतफेड चुकवली. तेव्हाच्या दराने ती रक्कम हजार कोटींच्या थोडी वर जाते. परदेशी रोखेधारकांचे पैसे एखाद्या भारतीय कंपनीने थकवण्याचा तो गाजलेला पहिला प्रसंग. पोलाद पडेल भावाने जात होते, कारखाना कर्जात होता. पण हजारो कामगारांचा, देशाच्या पोलादाचा, शिवाय धनको संस्थांच्या स्वतःच्या ताळेबंदाचा प्रश्न होता. तेव्हा कर्जाची पुनर्रचना झाली: मुदत वाढली, व्याज हलके झाले, मालकी मात्र जिथे होती तिथेच राहिली.

शेवटचे वाक्य पुन्हा वाचा, सगळी मेख तिथे आहे. मदत कारखान्याला मिळणे वेगळे आणि मालकाला मिळणे वेगळे. भट्टी चालू राहावी, कामगाराचा पगार व्हावा, यात कुणाचेच दुमत नाही. पण ज्याच्या हातून डाव चुकला त्याच्याच हातात पत्ते ठेवले, तर पुढच्या डावात तो काय शिकलेला असेल?

२००३ नंतर पोलादाला सोन्याचे दिवस आले आणि पुनर्रचना शहाणपणाची ठरली असे सगळ्यांनाच वाटले. एस्सार समूहाने २००७ मध्ये कॅनडातली अल्गोमा स्टील दीड अब्ज डॉलरहून अधिक मोजून घेतली, त्याच वर्षी अमेरिकेत मिनेसोटातला प्रकल्पही घेतला. हजीऱ्याची क्षमता वर्षाला एक कोटी टनांकडे नेली. पुढे अल्गोमा २०१५ मध्ये आणि मिनेसोटा २०१६ मध्ये दिवाळखोरीच्या कोर्टात गेले. हजीऱ्याच्या नशिबातही सगळे वाईट आले: भट्ट्या नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या, आणि कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला वायू आटला, पोलादाचे भाव जगभर कोसळले. दैवाचा वाटा मी नाकारत नाही. पण ज्याला पडण्याची भीती आहे तो इतक्या उंचावर इतक्या थोड्या स्वतःच्या पैशावर चढत नाही.

कसे, ते लहान आकड्यांत बघू. शंभर रुपयांचा कारखाना, त्यात मालकाचे २५, बँकेचे ७५. मंदी आली, कारखान्याची किंमत ६० झाली. मालकाचे २५ गेलेच, बँकेचेही १५ गेले. आज विकला तर बँकेला ६० मिळतात, मालकाला भोपळा. इतक्यात मालक म्हणतो, आणखी २० द्या, विस्तार करू. समजा, विस्तार जमला तर कारखाना ११० चा होईल, फसला तर ३० चा, शक्यता निम्मी-निम्मी. सरासरी ७०. घातलेले २० वजा केले तर ५०, म्हणजे हा विस्तार मुळातच तोट्याचा. आजचे ६० बरे.

आता मालकाच्या खुर्चीत बसा. जमले तर ११० मधून बँकेचे ९५ फेडून १५ त्याचे. फसले तर शून्य, आणि शून्य तर आजही आहेच. तो ‘द्या’ म्हणणारच. यात लबाडी शोधायची गरज नाही, गणितच तसे आहे. बँकेच्या बाजूने मात्र सरासरी हाती येते साडेबेचाळीस, आजच्या ६० ऐवजी. मग बँक का देते? कारण आज विकले तर १५ रुपयांचा तोटा आज, या व्यवस्थापकाच्या सहीने, वहीत येतो. २० दिले तर तोटा पुढे जातो, आणि तोवर सहीवाल्याची बदली झालेली असते. आपल्याकडे नियमही साथीला होता. १ एप्रिल २०१५ पर्यंत कर्जाची पुनर्रचना केली की खाते चांगल्या खात्यांत मोडायचे, बुडीत कर्जासाठी करावी लागते तेवढी तरतूद करावी लागत नसे. दुखण्याचे नाव बदलले की ताप उतरला असे समजायची सोय.

छोट्या कर्जात ही सोय कोणी देत नाही. दोन लाखांचे कर्ज थकले तर बँक तारण विकते आणि विसरते. हजारो कोटींचे थकले तर ते बुडीत दाखवताना बँकेचे स्वतःचे भांडवल खरवडले जाते. धरले तर चावते, सोडले तर पळते. गिऱ्हाईक जितके मोठे, तितकी बँकच त्याच्या दावणीला बांधलेली. ‘टू बिग टू फेल’ म्हणजे बुडवायला परवडत नाही असे गिऱ्हाईक, आणि हे कळल्यावर मोठे होणे हाच विमा ठरतो, तोही हप्ता न भरता.

तो हप्ता दुसऱ्याने भरला. २०१६-१७ ते २०२०-२१ या पाच वर्षांत केंद्राने सरकारी बँकांत ३.१ लाख कोटींचे भांडवल ओतले, बहुतेक रोख्यांच्या रूपाने, ज्यांचे व्याज दरवर्षी अर्थसंकल्पातून जाते. एकशे चाळीस कोटी माणसांत वाटा, दरडोई सव्वादोन हजार होतात. सुरतेतल्या उधना-लिंबायतच्या मागाच्या कारखान्यात राबणाऱ्या खानदेशी कुटुंबात पाच माणसे असतील तर अकरा हजार. हजीऱ्याचा कारखाना त्यांनी बाहेरूनही पाहिला नसेल.

२०१७ मध्ये मात्र एक गोष्ट बदलली. एस्सार स्टीलने रिझर्व्ह बँकेच्या निर्णयाला आव्हान दिले, गुजरात उच्च न्यायालयाने जुलैत ते फेटाळले, आणि २ ऑगस्टला खटला न्यायाधिकरणात दाखल झाला. नोव्हेंबरमध्ये संहितेत २९-अ हे कलम आले: ज्याचे खाते वर्षाहून जास्त काळ बुडीत आहे, त्याला थकबाकी फेडल्याशिवाय स्वतःचीच कंपनी लिलावात परत घेता येणार नाही. आता पहिल्यांदाच मालकाची खुर्ची जाणार होती.

आणि मग जे झाले, ते या सगळ्या प्रकरणातले मला सर्वांत थक्क करणारे वाटते. ऑक्टोबर २०१८ मध्ये बँकांनी आर्सेलर मित्तलच्या ४२,००० कोटींच्या देकाराला पसंती दिली. त्याच सुमारास जुन्या प्रवर्तकांनी स्वतः देकार दिला: ५४,३८९ कोटी, सगळ्या धनकोंचे देणे भागवतो, कंपनी परत द्या. वर्षानुवर्षे हप्ते थकले होते, पुनर्रचना झाल्या होत्या, आणि मालकी हातची जाताना दिसली तेव्हा हा आकडा पुढे आला. न्यायाधिकरणाने तो नाकारला. पैसे खरोखर उभे राहिले असते का, ते आता ठरवता येत नाही. पण भीतीला किंमत असते, आणि इथे ती रुपयांत छापलेली आहे.

१५ नोव्हेंबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने बँकांच्या बाजूने निकाल दिला, डिसेंबरात पैसे आले, कारखाना नव्या मालकाकडे गेला. भट्ट्या बंद पडल्या नाहीत. म्हणजे कारखाना वाचवायला मालक वाचवावा लागतो, हे १९९९ पासून गृहीत धरलेले खोटे होते.

सगळीकडे असे झाले नाही. त्याच बारांच्या यादीत सुरतेचीच आणखी एक कंपनी होती, तापीकाठी मगदल्ल्यात जहाजे बांधणारी एबीजी शिपयार्ड. तिच्याही कर्जाची २०१४ मध्ये पुनर्रचना झाली होती. तिचा खटला एस्सारच्या आदल्या दिवशी, १ ऑगस्टला दाखल झाला. तिला वाचवणारा खरेदीदार मिळाला नाही, आणि २०१९ मध्ये ती अवसायनात गेली. २०२२ मध्ये स्टेट बँकेच्या तक्रारीवरून सीबीआयने फसवणुकीचा गुन्हा नोंदवला. बँका २८, आरोपातली रक्कम २२,८४२ कोटी.