बिलात आठ हजार, स्टोअरमध्ये चार हजार

भोसरीच्या एमआयडीसीत पंप बनवणारा एक कारखाना आहे असे धरू. त्याने नट-बोल्ट तयार करणाऱ्या एका छोट्या पुरवठादाराला परचेस ऑर्डर दिली: एम-10 मापाचे बोल्ट 2,000 नग, दर साडेआठ रुपये, नट 2,000 नग, दर दोन रुपये, वॉशर 4,000 नग, दर 75 पैसे. माल 24,000 रुपयांचा, त्यावर 18 टक्के जीएसटी 4,320 आणि एकूण 28,320 रुपये. माल वेळेवर पोचला. दोन दिवसांनी बिलाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला आणि त्यात खाली बेरीज होती 31,860.

अशा वेळी अकाउंट्स विभागातून बहुधा एकच ओळ जाते, ‘बिल पीओशी जुळत नाही, दुरुस्त करून पाठवा.’ पुरवठादाराकडे ती वाचणाऱ्याला मात्र यातून काहीच कळत नाही. दर चुकला, कर चुकला की माल जास्त लागला? तो फोन करतो, इकडचा माणूस जेवायला गेलेला असतो आणि आठवडा जातो. खरे तर ऑर्डरमध्ये नग असतात आणि बेरजेत रुपये. दोन्हींची थेट तुलना होत नाही. फरक नेमका कोणत्या ओळीत आहे हे पत्र लिहिण्याआधी शोधावे लागते, आणि ते काम ग्राहकाचेच आहे.

त्याआधी आणखी एक शंका दूर करायची असते. चूक बिलात आहे की फोटोत? समजा फोटोत कागदाची घडी नेमकी वॉशरच्या ओळीवरून गेली आहे आणि नगांच्या रकान्यातला पहिला आकडा 4 आहे की 8, हे दिसत नाही. शेजारची रक्कम मात्र स्वच्छ वाचता येते: 6,000. तिला 75 पैशांनी भागले की 8,000 येतात. म्हणजे पुसट आकडा आठच. मग तिन्ही रकमा मिळवून बघायच्या: 17,000, 4,000 आणि 6,000 मिळून 27,000; त्यावर 18 टक्के 4,860; एकूण 31,860. खाली अक्षरी रक्कमही ‘एकतीस हजार आठशे साठ’ आहे. बिल आतून बरोबर जुळते आहे, म्हणजे फोटोने फसवलेले नाही. बिलच 8,000 वॉशरचे आहे.

वार्षिक उलाढाल पाच कोटींच्या वर असलेल्या विक्रेत्याला व्यावसायिक ग्राहकासाठी ई-इन्व्हॉइस काढावे लागते आणि त्यावर क्यूआर कोड असतो. तो स्कॅन केला की बिल क्रमांक, तारीख, एकूण रक्कम आणि किती ओळी आहेत हे पडताळता येते. पण कोणत्या वस्तूचे किती नग, हे त्या कोडमध्ये नसते. छोट्या पुरवठादाराच्या बिलावर तर कोडच नसतो. म्हणून वर केलेला भागाकार सुटत नाही.

आता तिसरा कागद. ऑर्डर आणि बिल यांच्यामध्ये आवक नोंद असते, जिला कारखान्यात सगळे जीआरएन म्हणतात. स्टोअरने वॉशर मोजून घेतले होते; एकेक करून नाही, वजनाने. या मापाचा एक वॉशर साधारण साडेतीन ग्रॅमचा, 500 नगांचे पाकीट पावणेदोन किलोच्या आसपास. पाकिटे आठ आली, म्हणजे 4,000 नग. पुरवठादाराच्या चलनावरही ‘8 पाकिटे’ असेच लिहिलेले होते.

या चलनातच चुकीचा उगम दिसतो. पूर्वी वॉशर हजाराच्या पाकिटात यायचे असतील, नंतर पाकीट 500 चे झाले. पण बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये ‘एक पाकीट म्हणजे 1,000 नग’ ही जुनी नोंद तशीच राहिली. चलनावरचे आठ टाइप केले आणि बिलात 8,000 उमटले. नट-बोल्टच्या धंद्यात नग, शेकडा, पाकीट आणि किलो अशी मापे शेजारी शेजारी नांदतात, म्हणून तिथे हा घोळ वारंवार होतो. यात लबाडी शोधायची गरज नसते, आणि पत्राच्या सुरातही ती दिसू नये.

पत्र असे होऊ शकते:

‘सप्रेम नमस्कार. आपल्या बिलाचा फोटो मिळाला. बोल्ट व नट यांचे नग आणि दर आमच्या पीओप्रमाणे बरोबर आहेत. वॉशरचे बिल 8,000 नगांचे झाले आहे. पीओ 4,000 नगांची असून आवकही 4,000 नगांची (500 ची 8 पाकिटे) आहे. जास्त लागलेली रक्कम 3,000 रुपये, त्यावरील जीएसटी 540, एकूण 3,540. कृपया एवढ्या रकमेची क्रेडिट नोट द्यावी आणि मूळ बिलाची पीडीएफ पाठवावी. उरलेले 28,320 रुपये ठरल्या तारखेला जमा होतील. मालाबद्दल तक्रार नाही. सोबत पीओ, चलन, आवक नोंद आणि खूण केलेला बिलाचा फोटो जोडला आहे.’

वर पीओ, चलन आणि बिल यांचे क्रमांक आणि तारखा हव्यातच. पत्र ईमेलने जावे आणि माल विकणाऱ्या माणसाबरोबर बिल करणाऱ्यालाही जावे, कारण चूक त्याच्या टेबलावर सुधारायची आहे.

नवे बिल न मागता क्रेडिट नोट का मागायची? पुरवठादाराने जीएसटीच्या विवरणपत्रात जुने बिल दाखवले असेल आणि त्याच क्रमांकाचे, वेगळ्या रकमेचे दुसरे बिल पाठवले, तर ग्राहकाच्या हातातला कागद आणि पोर्टलवरची नोंद यांचा मेळ बसत नाही. ई-इन्व्हॉइस तर त्या पोर्टलवर 24 तासांतच रद्द करता येते, आणि रद्द केलेला बिल क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. बिलात करपात्र रक्कम जास्त लागली तर क्रेडिट नोट द्यायची, अशी तरतूद जीएसटी कायद्याच्या कलम 34 मध्ये आहे. ग्राहकानेही ते 540 रुपये इनपुट क्रेडिट म्हणून घेऊ नयेत. जो माल मिळालाच नाही, त्याचे क्रेडिट मिळत नाही.

पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य 28,320 रुपयांचे आहे. अनेक कंपन्या 3,540 च्या वादासाठी सगळे बिल अडकवून ठेवतात. छोट्या उत्पादकाचा त्या पैशावर पगार आणि पोलाद दोन्ही अवलंबून असते, त्यामुळे हे अन्यायाचे आहे, आणि कायद्यानेही धोक्याचे आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या 2006 च्या कायद्यानुसार करारात काहीही लिहिले तरी पैसे 45 दिवसांत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. मालाबद्दल आक्षेप असेल तर तो माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी कळवायचा असतो. इथे मालावर आक्षेपच नाही, तेव्हा बिलातल्या चुकीची ढाल करून मुदत लांबवता येत नाही.

क्रेडिट नोट आली की अकाउंट्समध्ये ती मूळ बिलाच्या क्रमांकाला जोडून नोंदवतात आणि दोन्ही मिळून पुन्हा पीओशी ताडतात: 31,860 वजा 3,540, बरोबर 28,320. पुरवठादाराने सॉफ्टवेअरमधली पाकिटाची नोंद बदलली का, हे पुढच्याच बिलात कळते. तोवर खरेदी विभाग ऑर्डरवर ‘वॉशर 4,000 नग, 500 ची 8 पाकिटे’ असे दोन्ही मापांत लिहू लागतो.