दुसऱ्या बाळाची वेळ

जुळ्यांत पहिल्याचं डोकं खाली असेल आणि बाकी अडचण नसेल, तर नॉर्मल बाळंतपणाचा प्रयत्न करता येतो. २०१३च्या मोठ्या अभ्यासात ठरवून केलेलं सिझेरियन बाळांसाठी अधिक सुरक्षित ठरलं नाही. पहिलं आडवं असेल, तर मात्र सिझेरियनच.

खरी कसोटी पुढे. पहिलं रडतं, घरचे पेढ्यांच्या गोष्टी करतात, आणि आत दुसऱ्याला अचानक ऐसपैस जागा मिळून ते आडवं होतं. म्हणून सहायक लगेच पोटावर दोन्ही हात ठेवून त्याला उभं धरतो. सोनोग्राफीने डोकं कुठे ते पाहतात, ठोके सतत ऐकतात. कळा मंदावल्या तर ऑक्सिटोसिनचं ड्रिप. पाणमोट घाईने फोडत नाहीत. डोकं खाली टेकण्याआधी फोडली, तर नाळ बाहेर घसरते. आडवंच राहिलं, तर अनुभवी डॉक्टर आत हात घालून पाय धरून बाळ काढतात. ठोके घसरले आणि बाळ खालून पटकन निघण्यासारखं नसेल, तर दुसऱ्यासाठी सिझेरियन.