सुपरवायझरच्या निरोपाचे भाषण

कारखान्यातल्या सुपरवायझरचा निरोप समारंभ बहुधा पाळी बदलण्याच्या वेळेला ठेवतात. पहिली पाळी सुटलेली असते, दुसरी आलेली असते, आणि दोन्हीकडची माणसे कॅन्टीनमध्ये किंवा शॉपच्या मोकळ्या जागेत जमतात. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, सपत्नीक सत्कार आणि मग भाषणे, असा क्रम ठरलेला असतो. यातले मुख्य भाषण कारखान्याच्या व्यवस्थापकाने किंवा विभागप्रमुखाने करायचे असते, आणि नेमके तेच अनेकदा सर्वांत पोकळ निघते. 'हसतमुख, मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष' ही विशेषणे मागच्या महिन्यात स्टोअरच्या लिपिकालाही लावलेली असतात आणि पुढच्या महिन्यात ड्रायव्हरलाही लावली जातील. तीस वर्षे एकाच शॉपमध्ये उभ्या राहिलेल्या माणसाला याहून अधिक काही मिळायला हवे.

अडचण अशी की सुपरवायझरचे बरेचसे काम न घडलेल्या गोष्टींमध्ये असते. यंत्र बंद पडले नाही, माल परत आला नाही, कुणाचा हात सापडला नाही, पाळीत भांडण झाले नाही. न घडलेल्या गोष्टीचा फोटो नसतो, त्यामुळे भाषण लिहिणाऱ्याला ती शोधावी लागते. ती सापडते कुठे, हे एका नमुन्यावरून पाहू.

पुण्याजवळच्या एखाद्या औद्योगिक वसाहतीतला प्रेस शॉप घ्यावा. पत्र्याच्या पट्ट्या प्रेसमध्ये घालून वाहनांसाठी ब्रॅकेट आणि क्लॅम्प काढणारा. तिथले सुपरवायझर आयटीआयमधून फिटर होऊन लागले, पुढे सेटर झाले, मग पाळीचे सुपरवायझर, आणि ३१ वर्षांनी निवृत्त होत आहेत. शॉपमध्ये सगळे त्यांना अण्णा म्हणतात, असे धरू.

भाषण लिहिणाऱ्याने पहिल्यांदा जायचे ते शॉपच्या रोजनाम्याकडे. प्रत्येक प्रेसवर कुठली डाय लागली, किती वाजता काम सुरू झाले, किती नग निघाले, किती वेळ यंत्र थांबले आणि का, हे त्यात लिहिलेले असते. जुन्या वह्या आणि अलीकडच्या वह्या शेजारी ठेवल्या की एक रकाना डोळ्यांत भरतो: डाय बदलायला लागलेला वेळ. समजा जुन्या वहीत तो ८० मिनिटांच्या आसपास आहे आणि नव्या वहीत २५ मिनिटांच्या. हा फरक आपोआप पडत नाही. पूर्वी प्रेस थांबवल्यावर मग डाय रॅकवरून काढायला माणूस जायचा, योग्य मापाचे बोल्ट शोधायचे, प्रत्येक डायची उंची वेगळी म्हणून खाली पॅकिंग घालून पाहायचे, रॅम वर-खाली करत अंदाज घ्यायचा आणि चाचणीचे चार-सहा नग वाया घालवायचे. अण्णांनी काय केले? पुढची डाय प्रेस चालू असतानाच ट्रॉलीवर आणून ठेवायची सवय लावली. सगळ्या डायना एकाच उंचीच्या पट्ट्या लावून घेतल्या, त्यामुळे क्लॅम्प आणि बोल्ट एकाच मापाचे झाले. रॅमची उंची किती ठेवायची तो आकडा प्रत्येक डायवर रंगाने लिहिला. जपानमध्ये शिगेओ शिंगो यांनी १९६९ साली टोयोटाच्या एक हजार टनी प्रेसवर याच विचाराने डाय बदलण्याचा चार तासांचा वेळ आधी दीड तासावर आणि नंतर तीन मिनिटांवर आणला, ही उद्योगजगतातली प्रसिद्ध हकिकत आहे. ती व्यवस्थापकाला ठाऊक असेल, पण भाषणात तिला जागा देऊ नये. तो दिवस अण्णांचा असतो.

हिशेब मात्र आधी करून ठेवावा. दर बदलात ५५ मिनिटे वाचली आणि पाळीत दोन बदल असले, तर ११० मिनिटे वाचली. हाताने पट्टी भरणाऱ्या प्रेसवर मिनिटाला दहा नग निघत असतील, तर पाळीला ११०० नग जास्त. समोर बसलेल्यांना हे सगळे गणित ऐकवायचे नसते. एकच वाक्य पुरते: "पूर्वी डाय बदलेपर्यंत चहा होऊन जायचा, आता चहा येईपर्यंत डाय लागलेली असते, आणि हे अण्णांनी केले." ज्यांनी ते ८० मिनिटे उभे राहून काढले आहेत, त्यांना पुढचे समजते.

याच टप्प्यावर एक पथ्य पाळावे लागते. डायना एकसारख्या पट्ट्या लावण्याचे काम टूलरूमने केले असेल, तर टूलरूमचे नाव घ्यायलाच हवे. सगळे श्रेय एकाच्या पदरात टाकले, तर समोर बसलेले टूलरूमचे कारागीर मान खाली घालतात आणि खुद्द अण्णाही अवघडतात. "कल्पना अण्णांची, हात टूलरूमचा" असे म्हटले की दोघांचाही मान राहतो.

दुसरी जागा अपघातांच्या नोंदवहीची, आणि प्रेस शॉपमध्ये तीच सर्वांत मोलाची. प्रेसवर बोटे जातात ती बहुधा तीन कारणांनी. नग डायमध्ये अडकतो आणि कामगार तो हाताने काढायला जातो. प्रेस चालवायला दोन्ही हातांनी दोन बटणे एकदम दाबावी लागतात, म्हणजे हात डायबाहेर राहतात. पण नग लवकर काढण्याच्या घाईत कुणी एक बटण टेप लावून किंवा पाचर मारून कायम दाबून ठेवतो आणि एक हात मोकळा करतो. तिसरे कारण यंत्राचे: क्लच किंवा ब्रेक झिजला की रॅम एकदा खाली येऊन थांबण्याऐवजी आपोआप दुसऱ्यांदा खाली येतो. याला शॉपमध्ये डबल स्ट्रोक म्हणतात. सुपरवायझर पाळीच्या सुरुवातीला प्रत्येक प्रेसवर दोन्ही बटणे, ब्रेक आणि इमर्जन्सी बटण तपासतो का, टेप दिसली की काढतो का, आणि डबल स्ट्रोक दिसताच उत्पादन बुडाले तरी प्रेस बंद करतो का, यावर त्या पाळीतल्या माणसांची बोटे अवलंबून असतात. शेवटची गोष्ट सर्वांत अवघड. माल पाठवायची घाई असते, वरून फोन येत असतो, आणि प्रेस तर चालताना दिसतो. अशा वेळी प्रेस बंद करून वहीत कारण लिहून सही करणाऱ्या माणसाची नोंद रोजनाम्यात सापडते. ती तारीख शोधून काढावी आणि भाषणात सांगावी.

"अण्णांच्या पाळीत कधीच अपघात झाला नाही" हे वाक्य लिहायला फार सोपे आहे, आणि नोंदवही न पाहता लिहिले तर भाषणातले सर्वांत घातक वाक्य तेच ठरते. बोट गमावलेला माणूस कदाचित पहिल्याच रांगेत बसलेला असतो. नोंदवहीत खरोखर एकही नोंद नसेल तर किती वर्षांत नाही ते नेमके सांगावे. अपघात झालेला असेल तर त्यानंतर अण्णांनी काय बदलले ते सांगावे: अडकलेला नग काढायला चिमटे आणि चुंबकाची काठी आली असेल, प्रेसपुढे जाळी बसली असेल. जखमी कामगाराचा उल्लेख करायचा असेल तर आधी त्याला विचारावे, आणि तो नको म्हणाला तर विषय सोडून द्यावा.

तिसरी जागा माणसांची. वह्यांमध्ये न सापडणारे बरेच काही तीन-चार जणांशी पंधरा-पंधरा मिनिटे बोलून मिळते: त्यांच्या हाताखाली हेल्पर म्हणून लागून आज सेटर झालेला एखादा, गुणवत्ता विभागातला कुणी, कंत्राटी कामगारांपैकी एक आणि रात्रपाळीचा सुरक्षारक्षक. "अण्णा कसे आहेत?" असे विचारले तर "फार चांगला माणूस" एवढेच उत्तर येते. "तुम्हाला पहिल्यांदा डाय लावायला कसे शिकवले?" असे विचारावे. मग कळते की अण्णा आधी स्वतः लावून दाखवत, मग खोलून ठेवत आणि बाजूला हात बांधून उभे राहत. चुकले तरी शेवटपर्यंत बोलत नसत, फक्त प्रेस सुरू करण्याआधी थांबवत. कुणी त्यांचे नेहमीचे वाक्य सांगतो: "आधी प्रेस बंद, मग हात." ते वाक्य भाषणात त्यांच्याच शब्दांत यावे. ते ऐकताच सगळा शॉप हसतो, कारण प्रत्येकाने ते कधी ना कधी ऐकून घेतलेले असते.

घरच्यांचाही उल्लेख असावा, पण तोही नेमका. "त्यांच्या यशामागे पत्नीचा मोलाचा वाटा" हे कुठल्याही समारंभात चालते. पाळ्या फिरत्या असलेल्या घरात रात्रपाळीच्या आठवड्यात बाप सकाळी येऊन झोपतो, आणि दुपारपर्यंत मुलांना हळू आवाजात वावरायला सांगावे लागते. पहाटेचा डबा, सणाच्या दिवशी लागलेली पाळी, या गोष्टी समोर बसलेल्या प्रत्येकाच्या घरातल्या आहेत, म्हणून त्या पोहोचतात.

आता लिहिणे. मराठी भाषण सावकाश वाचले तर मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द होतात. घरी जायची बस उभी असलेल्या माणसांसमोर सहा-सात मिनिटे पुरेशी, म्हणजे सातशे शब्दांच्या आतबाहेर. एवढ्यात दोन हकिकती नीट सांगता येतात, पाच नाहीत. जमा झालेल्यातून डाय बदलण्याची आणि प्रेस बंद केल्याची निवडावी, शिकवण्याची हकिकत त्या सेटरला स्वतः बोलू द्यावी. सुरुवात नोकरीच्या पहिल्या दिवसापासून करण्याचा मोह होतो. त्यापेक्षा थेट हकिकतीने केलेली बरी. उदाहरणार्थ: "आपल्या शॉपमधल्या प्रत्येक डायवर पिवळ्या रंगात एक आकडा लिहिलेला आहे. नवीन मुलांना वाटते तो कारखान्यातूनच लिहून आला. तो अण्णांनी लिहिला आहे."

क्रियापदांकडे लक्ष द्यावे. 'अण्णा शिस्तप्रिय होते, ते सर्वांना सांभाळून घेत' अशी वाक्ये सलग आली की निरोपाचे भाषण शोकसभेसारखे वाटू लागते. केलेले काम भूतकाळात सांगावे, माणसाचा स्वभाव वर्तमानकाळात: अण्णा शिस्तीचे आहेत, आजही सकाळी त्यांनी प्रेस नंबर चारची बटणे तपासली. पगार, ग्रॅच्युइटी आणि फंडाचे आकडे व्यासपीठावर येऊ नयेत. ते कार्यालयाचे काम आहे, आणि ज्यांना ते मिळत नाहीत असे कंत्राटी कामगार समोर बसलेले असतात. आजारपण, जुने मेमो, युनियनशी झालेली खडाजंगी हेही गंमत म्हणून सुद्धा काढू नये. मसुदा झाला की तो शॉपमधल्या एका जुन्या माणसाला वाचून दाखवावा. तारीख चुकली असेल, श्रेय चुकीच्या माणसाला गेले असेल, तर तो तिथेच सांगतो.

समारंभानंतर शाल कपाटात जाते, फोटो फोनमध्ये राहतात. भाषणाची टाइप केलेली, सही-तारखेसह प्रत शाल-श्रीफळाबरोबर अण्णांच्या हाती द्यावी आणि दुसरी शॉपच्या फाइलला लावावी. नवा सुपरवायझर रुजू होईल तेव्हा डायवरचे आकडे कुणी आणि का लिहिले, हे त्याला त्या फाइलमध्ये सापडेल.