बॅटरी ९६ टक्के, पण कशाच्या?

जुनी इलेक्ट्रिक गाडी विकायला काढणारे हल्ली किलोमीटर आणि सर्व्हिस रेकॉर्डच्या जोडीला मोबाइलचा एक स्क्रीनशॉटही पाठवतात. त्यावर SOH अशी अक्षरं असतात आणि पुढे ९६.४ टक्के. आकड्यात दशांश चिन्ह दिसलं की घेणाऱ्याचा भरवसा आपोआप वाढतो. कुणीतरी काटेकोरपणे मोजल्याशिवाय .४ येईल कुठून? प्रत्यक्षात हा आकडा कुणी मोजलेला नसतो. गाडीतल्या एका छोट्या कॉम्प्युटरने बांधलेला तो अंदाज असतो.

SOH म्हणजे ‘स्टेट ऑफ हेल्थ’, बॅटरीची तब्येत. चार्ज किती आहे हे सांगणारा टक्का वेगळा. तो रोज शंभरावर जाऊन खाली येतो. SOH सांगतो की बॅटरी नवी असताना जेवढी वीज मावायची, त्यातली आज किती मावते. बऱ्याच कंपन्यांच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये चार्ज आणि रेंज दिसते, SOH दिसत नाही. म्हणून लोक स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टमध्ये ब्लूटूथचा डाँगल खोचतात आणि Car Scanner सारख्या अ‍ॅपमधून गाडीला तो आकडा विचारतात. डाँगल स्वतः काहीच तपासत नाही. गाडीची बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे बीएमएस, जे सांगते तेच तो स्क्रीनवर आणून ठेवतो.

मग बीएमएसला तरी कसं कळतं? आत डोकावता येत नाही अशी पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. आत किती पाणी गेलं आणि बाहेर किती आलं याचा हिशेब तेवढा ठेवता येतो. बीएमएस विजेचा असाच हिशेब सतत ठेवत असते. करंट मोजणाऱ्या सेन्सरमध्ये किंचित चूक असतेच, आणि ती दिवसागणिक साठत जाते. हिशेब पुन्हा जुळवायचा तर एखादी पक्की खूण लागते: टाकी पूर्ण भरली किंवा जवळजवळ रिकामी झाली. बॅटरीत ही खूण व्होल्टेजवरून मिळते.

इथे आपल्याकडच्या गाड्यांची एक अडचण आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक इलेक्ट्रिक गाड्यांत एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल असतात. ते टिकाऊ, उष्णतेला बऱ्यापैकी दाद न देणारे. पण चार्ज साधारण वीस टक्के असो की ऐंशी, सेलचं व्होल्टेज ३.२-३.३ च्या आसपासच घुटमळतं. मधल्या पट्ट्यात बीएमएसला व्होल्टेजवरून जवळपास काहीच उमगत नाही. जो मालक रोज चाळीस ते सत्तरमध्येच गाडी खेळवतो, त्याच्या बीएमएसला महिनोन्‌महिने पक्की खूणच मिळत नाही. अशा गाडीचा SOH खरा असेलही, पण तो शिळा असू शकतो. एलएफपी गाड्या अधूनमधून शंभर टक्के चार्ज करा असं कंपन्या सांगतात, त्यामागचं एक मोठं कारण हेच.

आकडा किती फसवू शकतो, हे निस्सान लीफच्या मालकांनी अनुभवलं आहे. २०१८ साली न्यूझीलंडमध्ये लीफच्या मालकांनी आपापल्या गाड्यांची अ‍ॅपमधली नोंद एकत्र केली. २४ किलोवॅट-अवरच्या जुन्या बॅटऱ्या वर्षाला साधारण तीन टक्क्यांनी उतरत होत्या. ३० किलोवॅट-अवरच्या नव्या बॅटऱ्या मात्र दोन वर्षांच्या होता होता वर्षाला जवळपास दहा टक्क्यांच्या वेगाने घसरताना दिसल्या. खळबळ उडणं साहजिक होतं. त्यानंतर निस्साननेच सांगितलं की दोष बॅटरीत नसून तिची क्षमता सांगणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. अपडेट आलं, आणि तो घातल्यावर गाड्यांचा SOH वर गेला. सेल तेच, गाडी तीच. बदलला तो फक्त हिशेब करणारा.

दुसरा प्रश्न: हे टक्के कशाचे? माहितीपत्रकात ४० किलोवॅट-अवर लिहिलं, तरी ती सगळी वीज वापरायला मिळेलच असं नाही. वरखाली थोडी जागा बीएमएस राखून ठेवते. एखादी कंपनी एकूण क्षमतेला शंभर मानते, दुसरी वापरता येणाऱ्या क्षमतेला. काही गाड्या बरेच महिने हट्टाने १०० दाखवतात आणि मग हलू लागतात. त्यामुळे एका कंपनीच्या ९५ ची दुसरीच्या ९२ शी तुलना करण्यात अर्थ नाही. एकाच गाडीचे सहा-सहा महिन्यांच्या अंतराने घेतलेले आकडे जास्त बोलके असतात. त्यातही पहिल्या वर्षाची घट पाहून घाबरू नये. सेल नवा असताना ती सहसा वेगाने होते, मग मंदावते.

अ‍ॅपवर विसंबायचं नसेल तर घरचा मीटर मदतीला येतो. एक किलोवॅट-अवर म्हणजे वीजबिलातलं एक युनिट. समजा, गाडी वापरण्याजोग्या ४० युनिटांची आहे. ती दहा टक्क्यांपर्यंत उतरू दिली आणि घरच्या एसी चार्जरवर शंभरपर्यंत भरली. चार्जरच्या मीटरवर ३८.७ युनिटं पडली. ही सगळी बॅटरीत पोचत नाहीत. काही चार्जिंगमध्ये उष्णता होऊन जातात. दहा टक्के नुकसान धरलं तर आत ३४.८ गेली. ती नव्वद टक्क्यांची, म्हणजे पूर्ण बॅटरी ३८.७ ची: SOH सुमारे ९७. नुकसान तेरा टक्के धरलं तर तेच उत्तर साडेत्र्याण्णववर येतं. शिवाय सुरुवातीचा ‘दहा टक्के’ हाही बीएमएसचाच शब्द. म्हणजे घरच्या चाचणीतून ९७ आणि ९४ यांतला फरक कळत नाही. पण अ‍ॅप ९६ सांगतंय आणि हिशेब ८२ वर येतोय, तर काहीतरी गडबड आहे एवढं नक्की कळतं. माझ्या मते सामान्य मालकाला इतकी अचूकता पुरेशी आहे.

डॅशबोर्डवरची रेंज मात्र या भानगडीतून वगळावी. ती मागच्या काही किलोमीटरच्या चालवण्यावर बेतलेली असते. घाट चढून आलेल्या गाडीची रेंज कमी दिसली म्हणून बॅटरी म्हातारी होत नाही.

ज्या गोष्टीकडे स्क्रीनशॉट पाठवणारा सहसा बघत नाही, ती म्हणजे सेलमधला फरक. गाडीत शंभरेक सेल किंवा सेलचे गट एकामागोमाग जोडलेले असतात. त्यातला सर्वांत कमजोर तळाला टेकला की बाकीच्यांत वीज असूनही बीएमएस गाडीला आवरतं घ्यायला लावते. अ‍ॅपमध्ये सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी व्होल्टेजचा सेल दिसतो, बऱ्याचदा त्याच्या क्रमांकासह. चार्ज मध्यावर असताना हा फरक एलएफपीत नगण्यच दिसतो, दोष लपून राहतो. तो पाहावा चार्ज दहा-पंधरावर असताना, गाडी जोर लावत असताना. शेजारी बसलेल्याने फोनवर लक्ष ठेवावं. दर वेळी तोच क्रमांक बाकीच्यांपेक्षा ठळकपणे खाली जात असेल, तर SOH ९६ असला तरी ती गाडी आधी सर्व्हिस सेंटरला दाखवावी.

म्हणून विकणाऱ्याकडे स्क्रीनशॉट मागताना तो कधीचा आहे हेही विचारावं. आदल्या रात्री सावकाश शंभरपर्यंत चार्ज करून, तासभर उभी ठेवून घेतलेला हवा. आणि वॉरंटीचा कागद वाचावा. आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर आणि ७० टक्क्यांची मर्यादा, असा साधारण प्रघात आहे. पण ते ७० टक्के कोण ठरवणार हेही तिथेच पाहावं. दाव्याच्या वेळी कंपनी आपल्या सर्व्हिस सेंटरच्या उपकरणावर चाचणी घेते. डाँगलवरचा आकडा तिथे फक्त तक्रार नोंदवायला उपयोगी पडतो.