वडील कधी वारले?

मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हिस्सा देणारी दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ रोजी अमलात आली. त्यानंतरची जवळजवळ पंधरा वर्षे देशभरातल्या दिवाणी न्यायालयांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला: त्या तारखेला वडील हयात होते का? सर्वोच्च न्यायालयाच्या दोन खंडपीठांनी सव्वादोन वर्षांच्या अंतराने या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे दिली. दोन्ही दावे कर्नाटकातले. दोन्हींत वडील २००५ च्या आधीच वारलेले, दोन्ही दावे त्या तारखेला प्रलंबित आणि दोन्हींत पहिला निकाल २००७ साली लागलेला. तरी एकात मुलगी हरली आणि दुसऱ्यात मुली जिंकल्या.

पहिला दावा बेळगावचा. फुलवती या वादी मुलीने १९९२ मध्ये वाटपाचा दावा दाखल केला आणि १/७ हिस्सा मागितला. वडील फेब्रुवारी १९८८ मध्ये वारले होते. दावा रेंगाळला आणि मध्येच २००५ ची दुरुस्ती आली, तेव्हा तिने दाव्यात सुधारणा करून नव्या कायद्याप्रमाणे हिस्सा मागितला. दिवाणी न्यायालयाने काही मिळकतींत तिला १/२८ हिस्सा दिला, काहींत १/७ दिला आणि काहींत काहीच दिला नाही. उच्च न्यायालयाने मात्र नवा कायदा प्रलंबित दाव्याला लागू धरून तिची मागणी मान्य केली. त्यावर प्रतिवादी सर्वोच्च न्यायालयात गेले.

हा १/२८ कुठून येतो, हे कळल्याशिवाय पुढचा वाद कळत नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात मुलगी एकत्र कुटुंबाची सहदायाद नव्हती. वडील वारले की त्यांच्या मृत्यूच्या आदल्या क्षणी मिळकतीचे वाटप झाले, असे कायदा मानून चालत असे. या काल्पनिक वाटपात वडिलांच्या वाट्याला जेवढे येईल, तेवढ्यातच मुलीला इतर वारसांबरोबर हिस्सा. म्हणजे आधी पूर्ण मिळकतीचा एक तुकडा आणि मग त्या तुकड्याचा तुकडा. हे गणित कसे मांडायचे, ते सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सांगलीच्या गुरुपाद मगदूम प्रकरणात घालून दिले होते. निकाल सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांचा. तिथे वडील, आई आणि दोन मुलगे असे चार वाटे धरले गेले. वडिलांचा १/४ वाटा पुढे पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली अशा सहा वारसांत विभागला गेला. विधवेला स्वतःचा १/४ आणि त्यावर १/२४ मिळाला. त्याच हिशेबाने प्रत्येक मुलीच्या वाट्याला फक्त १/२४ येत होता.

‘प्रकाश विरुद्ध फुलवती’चा निकाल १६ ऑक्टोबर २०१५ रोजी न्या. अनिल दवे आणि न्या. आदर्शकुमार गोयल यांनी दिला. दुरुस्तीचे शब्द आहेत ‘सहदायादाची मुलगी’. खंडपीठाने ते असे वाचले की कायदा अमलात आला त्या दिवशी मुलगी हयात हवी आणि ज्याची ती मुलगी, तो सहदायादही हयात हवा. १९८८ मध्ये वडील वारले, त्याच क्षणी काल्पनिक वाटप झाले, कोणाचे किती हे ठरून गेले आणि ठरलेले हक्क नवा कायदा स्पष्ट शब्दांशिवाय मागे जाऊन मोडत नाही. दुरुस्तीत वाटपासाठी नोंदणीकृत दस्त किंवा न्यायालयाचा हुकूमनामा असण्याची अट होती. पण ही अट माणसांनी केलेल्या वाटपाला आहे, कायद्यानेच घडवलेल्या काल्पनिक वाटपाला नाही, असे खंडपीठाने म्हटले. उच्च न्यायालयाचा निकाल रद्द झाला.

तर्क म्हणून हे वाचन कच्चे नव्हते. एखादा कायदा मूळ हक्क बदलत असेल तर तो सहसा पुढच्या काळाला लागू होतो, हे तत्त्व जुने आहे. अडचण त्याच्या परिणामात होती. वडील ८ सप्टेंबर २००५ ला वारले तर मुलीला तुकड्यातला तुकडा आणि १० तारखेला वारले तर मुलाइतका वाटा. मुलीचा हक्क तिच्या जन्माऐवजी वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्यावर ठरू लागला.

दुसऱ्या दाव्यात वडील २००१ मध्ये वारले. मागे विधवा, दोन मुलगे आणि दोन मुली. २००२ मध्ये एका मुलाच्या मुलाने, म्हणजे नातू अमर याने वाटपाचा दावा लावला आणि स्वतःसाठी १/१५ हिस्सा मागितला. त्याच्या हिशेबात दोन्ही आत्यांना जागाच नव्हती. आजी आणि दोन मुलगे यांचा प्रत्येकी तिसरा हिस्सा आणि आपल्या वडिलांच्या तिसऱ्या हिश्श्यात पाचवा भाग आपला, असे त्याचे गणित. आत्यांविरुद्ध त्याने दोन मुद्दे मांडले होते. त्यांचा जन्म १९५६ च्या कायद्याआधीचा आहे, हा एक. लग्नात त्यांना सोने आणि पैसा दिला गेला, तेव्हाच त्यांनी हिस्सा सोडला, हा दुसरा. या दुसऱ्या मुद्द्याची भाषा महाराष्ट्रातल्या घरांतही परकी नाही. दिवाणी न्यायालयाने ९ ऑगस्ट २००७ रोजी १९५६ च्या आधी जन्मलेल्या मुली सहदायाद नाहीत असे ठरवले, २००५ च्या दुरुस्तीचा आधारही नाकारला आणि दोघींना काहीच दिले नाही. उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तेच कायम ठेवले.

१ फेब्रुवारी २०१८ रोजी न्या. ए. के. सिक्री आणि न्या. अशोक भूषण यांनी ‘दानम्मा विरुद्ध अमर’ प्रकरणात हे दोन्ही निकाल फिरवले. दुरुस्तीनुसार मुलगी जन्मानेच सहदायाद होते, दावा २००५ मध्ये प्रलंबित होता आणि हुकूमनामा २००७ चा आहे, म्हणून दुरुस्तीचा लाभ तिला मिळतो, असे त्यांनी ठरवले. विधवा, दोन मुलगे आणि दोन मुली, प्रत्येकी १/५. नातवाच्या वाट्याला १/२५ आला.

हेच कुटुंब फुलवतीच्या सूत्रात बसवून पाहिले तर फरक डोळ्यांत भरतो. वडील, आई आणि दोन मुलगे असे चार वाटे आणि वडिलांच्या चौथ्या वाट्याचे पाच वारस. म्हणजे प्रत्येक मुलीला १/२०. समजा जमीन वीस एकर आहे. फुलवतीच्या वाटेने मुलीला एक एकर मिळते आणि दानम्माच्या वाटेने चार.

नवल म्हणजे दानम्माच्या खंडपीठाने फुलवतीचा निकाल वाचला होता. त्यातला उतारा आपल्या निकालपत्रात घेतलाही होता. पण वडील २००१ मध्ये वारले, तर ते ‘हयात सहदायाद’ कसे, या प्रश्नाला त्यांनी हात घातला नाही. समान संख्येच्या खंडपीठाला आधीचा निकाल पटत नसेल तर त्याने तो मोठ्या पीठाकडे पाठवावा, ही रीत आहे. ती इथे पाळली गेली नाही आणि या निकालाचा खरा दोष हाच.

मग फरक कशामुळे पडला? प्रलंबित दाव्यामुळे नाही, कारण तो फुलवतीचाही होता. मृत्यूचे वर्ष १९८८ ऐवजी २००१, हे कारण जवळचे वाटते. मधल्या काळात, १९९४ मध्ये, कर्नाटकाने आणि महाराष्ट्राने आपापले दुरुस्ती कायदे करून त्यावेळी अविवाहित असलेल्या मुलींना सहदायाद केले होते. पण दानम्माचा निकाल राज्याच्या त्या कायद्यावर उभा नाही, तो २००५ वरच उभा आहे. उत्तर सापडते ते अपील करून कोण आले आणि हातात काय घेऊन आले, यात. फुलवतीत प्रतिवादी तक्रार घेऊन आले होते की उच्च न्यायालयाने नवा कायदा मागे ओढून मुलीला पूर्ण वाटा दिला. त्यामुळे ‘कायदा पूर्वलक्षी आहे का’ हा एकच प्रश्न सरळ समोर आला आणि त्यावरच युक्तिवाद झाला. दानम्मात दोन बहिणी रिकाम्या हाताने आल्या होत्या. फुलवतीचे सूत्र लावले असते तरी त्यांना १/२० मिळायलाच हवा होता. त्यामुळे खालच्या न्यायालयांचा निकाल कोणत्याही वाचनाने टिकण्यासारखा नव्हता. तो दुरुस्त करण्याच्या ओघात खंडपीठ थेट १/५ पर्यंत गेले आणि मधली पायरी तपासायची राहून गेली.

मुंबई उच्च न्यायालयाने यातला एक टप्पा आधीच पाहिला होता. २०१२ च्या वैशाली गणोरकर प्रकरणात खंडपीठाने दुरुस्तीचा अर्थ फार अरुंद लावला होता. तो २०१४ मध्ये बद्रीनारायण भंडारी प्रकरणात पूर्णपीठाने बाजूला सारला आणि ९ सप्टेंबर २००५ रोजी हयात असलेल्या मुलीला, तिचा जन्म कधीचाही असो, सहदायाद मानले. 

दानम्मानंतर अडीच महिन्यांत, एप्रिल २०१८ मध्ये, तमिळनाडूच्या मंगम्माळ प्रकरणात आणखी एका खंडपीठाने फुलवतीचीच वाट धरली. पुढच्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयासमोर विनीता शर्मा यांचे प्रकरण होते. तिथे वडील डिसेंबर १९९९ मध्ये वारले होते. न्या. प्रतिभा सिंह यांनी फुलवतीप्रमाणे हिस्सा नाकारला, पण दोन निकालांतला विरोध नोंदवून सर्वोच्च न्यायालयात थेट अपिलाचे प्रमाणपत्रही दिले. खालच्या न्यायाधीशाने असा विरोध झाकून न ठेवता उघड मांडणे हे या पंधरा वर्षांतले सगळ्यात उपयोगी काम ठरले.

११ ऑगस्ट २०२० रोजी न्या. अरुण मिश्रा, न्या. अब्दुल नझीर आणि न्या. एम. आर. शहा यांच्या पीठाने वाद मिटवला. त्यांनी मिताक्षरेतल्या जुन्या भेदाकडे बोट दाखवले. सहदायकीतला हक्क हा अप्रतिबंध दाय आहे. तो जन्माने मिळतो, कोणाच्या मरणाची वाट पाहत नाही. मग वडील २००५ ला हयात होते का, हा प्रश्नच गैरलागू. काल्पनिक वाटप ही केवळ मृताचा हिस्सा मोजण्यापुरती कल्पना आहे, त्याने खरे वाटप होत नाही आणि प्राथमिक हुकूमनाम्यानेही हिस्से कायमचे गोठत नाहीत. फुलवती आणि मंगम्माळ रद्द ठरले. दानम्माचाही या निष्कर्षांशी न जुळणारा भाग बाजूला पडला.

यानंतर वाद संपले नाहीत, त्यांची तारीख बदलली. आता न्यायालय विचारते की २० डिसेंबर २००४ पूर्वी वाटप झाले होते का आणि झाले असेल तर नोंदणीकृत दस्ताने की हुकूमनाम्याने. तोंडी वाटप झाले होते, एवढे म्हणणे पुरत नाही. सार्वजनिक कागदपत्रांनी ते पक्के सिद्ध झाले तरच, आणि तेही अपवाद म्हणून, न्यायालय ते स्वीकारते. त्यामुळे वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्याची जागा आता जुन्या फेरफार नोंदींनी घेतली आहे. ‘आमचे वाटप कधीच झाले’ असे सांगणाऱ्या भावाला ते त्या काळच्या कागदांवरून दाखवून द्यावे लागते, आणि ते सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच असतो.