एक शेअर पडतो, सगळा निर्देशांक हलतो

17 जानेवारी 2024 च्या सकाळी मुंबईचा बाजार उघडला, तेव्हा सगळ्यांचे डोळे एचडीएफसी बँकेवर होते. आदल्या संध्याकाळी बँकेने तिमाही निकाल जाहीर केले होते. नफा वाढला होता, पण ठेवी हव्या तेवढ्या वाढत नाहीत आणि व्याजातली कमाईही ताणलेली आहे, हे बाजाराला खटकलं. दिवसअखेर शेअर जवळपास साडेआठ टक्क्यांनी खाली आला. सेन्सेक्स 1,628 अंकांनी, तर निफ्टी 460 अंकांनी घसरला. त्याच दिवशी आयटीतले काही शेअर चक्क हिरव्यात बंद झाले, पण बातम्यांचे मथळे घसरगुंडीचेच होते.

एका बँकेमुळे पन्नास कंपन्यांचा निर्देशांक एवढा खाली कसा जातो? निफ्टीत प्रत्येक कंपनीला सारखंच, म्हणजे दोन-दोन टक्के वजन असतं, तर ही घसरण फार तर 37 अंकांची ठरली असती. पण तेव्हा निफ्टीत एकट्या एचडीएफसी बँकेचं वजन 13 टक्क्यांच्या आसपास होतं. हिशेब कागदाच्या कपट्यावर मावतो. आदल्या दिवशी निफ्टी 22,032 वर बंद झाला होता. त्याचे 13 टक्के म्हणजे सुमारे 2,860 अंक या बँकेच्या नावचे. त्यातले साडेआठ टक्के उडाले, म्हणजे जवळपास 240 अंक. पडलेल्या 460 पैकी निम्म्याहून जास्त अंकांचा धनी हा एकच शेअर होता.

मग हे 13 टक्के ठरवतं कोण? पहिलं उत्तर सुचतं ते शेअरच्या भावाचं, आणि ते चुकीचं आहे. टायर बनवणाऱ्या एमआरएफच्या शेअरने जून 2023 मध्ये एक लाखाचा टप्पा ओलांडला, तेव्हा त्याचं केवढं कौतुक झालं. पण या कंपनीचे एकूण शेअर आहेत जेमतेम 42 लाख. लाखाच्या भावाने सगळ्यांची किंमत सुमारे 42 हजार कोटी. याला बाजारमूल्य म्हणतात: एका शेअरचा भाव गुणिले एकूण शेअर. त्या काळी एचडीएफसी बँकेचा शेअर दीड-पावणेदोन हजारांना मिळायचा, पण शेअर साडेसातशे कोटींच्या घरात असल्याने तिचं बाजारमूल्य बारा लाख कोटींच्या वर जायचं. लाखाच्या शेअरवाली एमआरएफ निफ्टी पन्नासमध्ये नाहीच. (अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक मात्र अजूनही भावावरच चालतो. एमआरएफ तिथे असती, तर बाकीच्यांना तिने डोकं वर काढू दिलं नसतं.)

पण बाजारमूल्यावरही गोष्ट संपत नाही. जानेवारी 2024 मध्ये टीसीएसचं बाजारमूल्य 14 लाख कोटींच्या आसपास, म्हणजे एचडीएफसी बँकेपेक्षा जास्त होतं. तरी निफ्टीत तिचं वजन जेमतेम चार टक्के. तेवढीच साडेआठ टक्क्यांची घसरण टीसीएसमध्ये झाली असती, तर निफ्टी तिच्यामुळे पाऊणशे अंकच खाली आला असता. मोठी कंपनी हलकी आणि लहान कंपनी जड, हे कसं?

यासाठी कांद्याचा बाजार आठवावा. एखाद्या शेतकऱ्याच्या चाळीत शंभर क्विंटल कांदा आहे, पण लिलावाला त्याने तीसच आणला. बाजार समितीत जो भाव फुटला, त्या भावाने शंभर क्विंटलची किंमत काढता येते, आणि घरात ती तशी सांगितलीही जाते. व्यापाऱ्याला मात्र विकत घेता येतो तो समोरचा तीस क्विंटल. शेअरबाजारात या तिसाला ‘फ्री फ्लोट’ म्हणतात, म्हणजे खुल्या बाजारात खरेदी-विक्रीला मोकळे असलेले शेअर. प्रवर्तकांचे, प्रवर्तक या नात्याने सरकारकडे असलेले, धोरण म्हणून धरून ठेवलेले आणि काही मुदतीसाठी विक्रीला बंदी असलेले शेअर यातून वगळले जातात. टीसीएसचे सुमारे 72 टक्के शेअर टाटा सन्सकडे होते. उरले 28, म्हणजे 14 पैकी चार लाख कोटींच्या आतबाहेर. एचडीएफसी बँकेची मूळ प्रवर्तक एचडीएफसी ही कंपनी जुलै 2023 मध्ये बँकेतच विलीन झाली आणि बँकेला प्रवर्तकच उरला नाही. सगळा माल लिलावात! बारा लाख कोटींहून जास्त विरुद्ध चार लाख कोटी, असं तोलल्यावर तिप्पट वजनाचं कोडं सुटतं.

सर्वात टोकाचं उदाहरण एलआयसीचं. मे 2022 मध्ये सरकारने तिचे फक्त साडेतीन टक्के शेअर विकले, प्रत्येकी 949 रुपयांना. त्या भावाने कंपनीचं बाजारमूल्य सहा लाख कोटी, पण फ्री फ्लोट अवघा 21 हजार कोटी. वर्षभराने लाखाला पोचलेल्या एमआरएफचे प्रवर्तकांकडचे सुमारे 28 टक्के शेअर वगळले, तरी तिचा फ्री फ्लोट तीस हजार कोटींचा भरतो. म्हणजे बाजारमूल्यात चौदापट असलेली एलआयसी मोकळ्या शेअरांच्या किमतीत टायरच्या कंपनीपेक्षा लहान होती.

हा हिशेब नेहमीच असा नव्हता. सेन्सेक्सने 1 सप्टेंबर 2003 पासून आणि निफ्टीने जून 2009 पासून फ्री फ्लोट स्वीकारला. त्याआधी कंपनीचं अख्खं बाजारमूल्य तोलात पडायचं. त्यात गोम अशी की प्रवर्तकांच्या कुलुपात असलेल्या शेअरांचंही वजन निर्देशांकात यायचं. मोजक्या मोकळ्या शेअरांत थोडी खरेदी झाली की भाव उसळायचा, तो भाव सगळ्या शेअरांना लागायचा आणि निर्देशांक फुगायचा. त्याची नक्कल करणाऱ्या फंडाला तर जे विकायलाच नाही, ते मोठ्या प्रमाणात विकत घेण्याची वेळ आली असती.

नव्या पद्धतीतही एक जागा कच्ची आहे. मोकळा शेअर कोणता, हे कागदावरच्या वर्गवारीवरून ठरतं. म्युच्युअल फंड किंवा विमा कंपनीने एखादा शेअर दहा वर्षं हलवला नाही, तरी तो मोकळाच धरला जातो. कारण त्यांनी तो उद्या विकायचं ठरवलं, तर त्यांना कोणी अडवत नाही. उलट, बाहेरचा म्हणून नोंदलेला भागधारक खरंच बाहेरचा आहे का, असाही प्रश्न येतो. फेब्रुवारी 2023 मध्ये जागतिक निर्देशांक काढणाऱ्या एमएससीआयने अदानी समूहातल्या काही शेअरधारकांना यापुढे ‘फ्री फ्लोट’ म्हणता येणार नाही असं ठरवलं आणि अदानी एंटरप्रायझेस, अदानी टोटल गॅस, अदानी ट्रान्समिशन व एसीसी या चार कंपन्यांचा मोकळा हिस्सा कमी धरला. कंपन्यांचे एकूण शेअर होते तेवढेच राहिले, पण एमएससीआयच्या तराजूत त्या हलक्या झाल्या, आणि त्या निर्देशांकाबरहुकूम चालणाऱ्या फंडांना त्यांतली आपली गुंतवणूक त्या प्रमाणात कमी करणं भाग पडलं.